माची आणि बालेकिल्ला : ठाम दावा गुपचूप मवाळ कसा होतो

दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. माझी चुलत बहीण संध्याकाळी घरी आली ती हातात एक जाडजूड फाईल घेऊन. चहासुद्धा नको म्हणाली. "आपा, हे जरा बघ ना. तुझ्या भाचीचं सायन्स आता अवघड दिसतंय."

मला आश्चर्य वाटलं. मुलीला गणितात शंभरपैकी 84 होते, विज्ञानात 79. आमच्या खानदानात एवढे गुण मिळवणारी ती पहिलीच. फाईल उघडली तर छत्तीस पानांचा रंगीत अहवाल. वर नाव होतं डीएमआयटी, म्हणजे बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी चाचणी. क्लासच्या हॉलमध्ये एका संस्थेने शिबिर लावलं होतं. दहाही बोटांचे ठसे स्कॅनरवर घेतले, साडेचार हजार रुपये घेतले आणि चार दिवसांनी हा अहवाल हातात दिला. अकराव्या पानावर आठ प्रकारच्या बुद्धिमत्तांची यादी होती. 'तार्किक-गणिती बुद्धिमत्ता' या ओळीपुढे छापलं होतं : 9 टक्के. शेवटी करिअरची यादी, त्यात फॅशन डिझायनिंगला पाच तारे, इंजिनीअरिंगला दीड.

मुलीचे अब्बू सोफा-कुशनचं दुकान चालवतात. माणूस सरळ आहे, मुलीच्या शिक्षणाविरुद्ध अजिबात नाही. पण त्यांनी हिशेब मांडला : नऊ टक्के बुद्धी असेल तर अकरावी-बारावीच्या क्लासवर लाख-दीड लाख कशाला घालायचे? अकरावीच्या फॉर्मला तीन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या समुपदेशकांकडे गेलो. तिथे जे बोलणं झालं ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं, कारण त्यात एक गोष्ट घडली जी मी याआधी शंभर वेळा पाहिली असेल, पण नीट पकडली नव्हती. आज तीच सांगायची आहे.

मी विचारलं, "सर, बोर्डाच्या परीक्षेत 84 आणि तुमच्याकडे 9 टक्के, हे कसं?"

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, डर्मॅटोग्लिफिक्स हे मान्यताप्राप्त शास्त्र आहे. बोटांचे ठसे आईच्या पोटात तयार होतात. मेंदू आणि त्वचा गर्भातल्या एकाच थरातून बनतात. डाऊन सिंड्रोमच्या मुलांच्या तळहातावरच्या रेघा वेगळ्या असतात, हे डॉक्टरही मानतात. हे तुम्ही नाकारता का?"

मी म्हटलं, "नाही, हे मी नाकारत नाही. पण उजव्या हाताच्या एका बोटावरच्या रेघा मोजून या मुलीला गणित जमणार नाही, हे कसं काढलं?"

"आम्ही असं कुठे म्हणतो, मॅडम? हे फक्त मार्गदर्शन आहे. प्रत्येक मूल वेगळं असतं, त्याच्या कलाने घ्यावं, एवढंच आमचं म्हणणं. आम्ही भविष्य सांगत नाही."

"म्हणजे तिने सायन्स घेतलं तरी चालेल?"

"अर्थातच. निर्णय शेवटी पालकांचा."

मला वाटलं विषय संपला. आम्ही उठलो. दारात मुलीच्या अब्बूंनी हळूच विचारलं, "पण सर, तरीही सायन्स घेतलं तर?" आणि तेच सर, त्याच शांत आवाजात म्हणाले, "बघा भाई, तुम्ही पालक आहात. पण रिपोर्टच्या विरुद्ध गेलात तर मुलीला दोन वर्षं झगडावं लागेल. ठसे खोटं बोलत नाहीत."

खुर्चीतून दारापर्यंत जायला फार तर दोन मिनिटं लागली असतील. तेवढ्यात दावा डोंगरावर जाऊन परत खाली आला होता.

या चालीला नाव आहे. निकोलस शॅकेल नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 2005 साली 'मेटाफिलॉसॉफी' या नियतकालिकातल्या एका लेखात ते दिलं. इंग्लंडमध्ये 1066 साली नॉर्मन लोकांनी कब्जा केल्यावर एका ठराविक पद्धतीचे किल्ले झपाट्याने उभे राहिले. मातीचा उंच ढिगारा रचायचा आणि त्याच्या माथ्यावर एक लाकडी बुरूज बांधायचा. या ढिगाऱ्याला म्हणत मॉट. पायथ्याशी मोठं आवार, त्याला खंदक आणि लाकडी कुंपण, आत तबेले, स्वयंपाकघर, कारागिरांच्या झोपड्या. त्या आवाराचं नाव बेली. राहण्यासारखी जागा खालची होती, पण तिचा बचाव करणं कठीण. वरचा बुरूज अरुंद आणि गैरसोयीचा, पण शत्रूच्या हाती सहज लागणार नाही असा. म्हणून हल्ला झाला की सगळे वर पळायचे आणि शत्रू थकून परत गेला की पुन्हा खाली उतरून पहिल्यासारखं राहायला लागायचे.

आपल्याला हे समजायला इंग्लंडला जायची गरज नाही. राजगड ज्यांनी पाहिला आहे त्यांना माची आणि बालेकिल्ला हे शब्द ठाऊक आहेत. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन लांबरुंद माच्या आणि मध्ये उंच कातळावर बालेकिल्ला. (हा शब्द फारसीतल्या 'बाला', म्हणजे वरचा, यावरून आला आहे. वरचा किल्ला तो बालेकिल्ला. मराठी आणि उर्दूचं नातं असं डोंगरावरसुद्धा सापडतं.) राजगडाच्या माच्यांना स्वतःची भक्कम तटबंदी होती, त्यामुळे उपमा शंभर टक्के जुळत नाही. पण वावरायची जागा खाली आणि शेवटच्या बचावाची वर, एवढं साम्य पुरेसं आहे. म्हणून या लेखात मी माची आणि बालेकिल्ला हेच शब्द वापरते.

शॅकेल यांच्या डोळ्यांसमोर विद्यापीठातले काही विद्वान होते. ते लिहायचे की सत्य असं काही नसतंच, समाज ज्याला सत्य मानतो तेच सत्य. ही त्यांची माची : धाडसी, खळबळ उडवणारी. कोणी विचारलं की मग पृथ्वी सूर्याभोवती फिरते हेसुद्धा नुसतं मानण्यावर आहे का, तर ते म्हणायचे, आमचं म्हणणं एवढंच की माणसाच्या समजुतींवर समाजाचा परिणाम होतो. हा बालेकिल्ला. याला कोण नाही म्हणेल? प्रश्न विचारणारा गप्प बसायचा आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा माचीवरचीच भाषा. शॅकेल यांनी एक बारकावा सांगितला आहे. चूक एखाद्या वाक्यात नसते. दोन वेगवेगळे दावे एकाच नावाखाली, एकाच तोंडाने वागवले जातात आणि सोयीप्रमाणे अदलाबदल केली जाते, चूक त्या अदलाबदलीत असते.

आता परत त्या फाईलकडे येऊ.

समुपदेशकांनी बालेकिल्ल्यावरून जे जे सांगितलं ते जवळजवळ सगळं खरं आहे, आणि फसगत होते ती याचमुळे. डर्मॅटोग्लिफिक्स हा शब्द हॅरॉल्ड कमिन्स या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1926 साली रूढ केला. बोटांच्या रेघा गर्भात साधारण दहाव्या आठवड्यापासून घडायला लागतात आणि पाचवा महिना संपायच्या आत पक्क्या होतात, हेही खरं. डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांच्या तळहातावर दोन आडव्या रेघांऐवजी एकच सलग रेघ दिसते, हेसुद्धा खरं. या अभ्यासात कमिन्स यांचं मोठं काम आहे.

पण या बालेकिल्ल्याचा आकार किती, ते बघा. तळहातावरची ती एक रेघ पूर्ण निरोगी माणसांतही काहींना असते. म्हणून कोणताही डॉक्टर नुसता तळहात बघून निदान करत नाही. रेघ दिसली तर फार तर शंका घेतो आणि रक्त तपासून गुणसूत्रं मोजायला सांगतो. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत सापडली तरच डाऊन सिंड्रोम. म्हणजे जिथे रेघांचं शास्त्र सर्वांत भक्कम आहे तिथेसुद्धा ते शेवटचा शब्द बोलत नाही. आणि ही गोष्ट एका जन्मजात आजाराची आहे. तिथून एका धडधाकट मुलीच्या बीजगणितापर्यंत कोणता पूल जातो? अहवालात तो पूल कुठेच नाही. अहवालात नुसतं छापलेलं आहे की अंगठा मेंदूच्या अमुक भागाशी जोडलेला, तर्जनी तमुक भागाशी, करंगळी पाठीमागच्या भागाशी. हे कोणी, कधी, किती मुलांवर तपासलं याबद्दल एक ओळ नाही.

'एकाच थरातून' या मुद्द्याचंही तसंच. त्वचेचा वरचा पापुद्रा आणि मेंदू गर्भातल्या एकाच थरातून तयार होतात, बरोबर आहे. पण केस, नखं आणि दातांवरचं कवचसुद्धा त्याच थरातून येतं. मग नखं कापून पाठवली तर करिअर कळेल का? मी हे तिथे विचारलं नाही, उगाच भांडण नको म्हणून. घरी येताना रिक्षात सुचलं.

आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे, ती शिक्षिका म्हणून मला जास्त खुपली. ते 9 टक्के. आपल्याकडे 9 टक्के म्हटलं की नापास. पण मी आठही आकडे वहीत मांडून बेरीज केली तर ती बरोबर 100 आली. म्हणजे हे गुण नाहीतच, वाटणी आहे. एका मुलीच्या बुद्धीचे शंभर भाग धरले आणि ते आठ खान्यांत वाटले. सगळे खाने सारखे असते तर प्रत्येकात साडेबारा आले असते. 9 म्हणजे सरासरीपेक्षा साडेतीन कमी, तेही तिच्याच बाकीच्या खान्यांच्या तुलनेत. वर्गातल्या इतर मुलांशी याची तुलनाच होत नाही. सी. व्ही. रामन यांची अशी वाटणी केली असती तरी बेरीज शंभरच आली असती, आणि त्यांचाही एखादा खाना नऊवर येऊ शकला असता. मुलीच्या अब्बूंना हे कागदावर आकडे मांडून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. दुकानदार माणूस, वाटणी आणि नफा यातला फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो.

आठ बुद्धिमत्तांची ती यादी मूळची हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची आहे. त्यांनी 1983 साली सात प्रकार मांडले, आठवा नंतर जोडला. त्या मांडणीवरही मानसशास्त्रज्ञांत वाद आहेत, पण तिच्यात बोटांच्या ठशांचा कुठेही संबंध नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं स्पष्ट म्हटलेलं आहे.

तर मग हा दावा खरा आहे की खोटा, ते तपासायचं कसं? ते खरं तर फार अवघड नाही. पाच वर्षांच्या काही शे मुलांचे ठसे घ्या, अहवाल बनवा आणि पाकिटात बंद करून ठेवा. आई-बाप, शिक्षक, मुलं, कोणालाही दाखवू नका. मुलं दहावीला आली की पाकिटं उघडा आणि गुणांशी ताडून बघा. मी हे समुपदेशकांना सुचवलं होतं. त्याहून सोपी गोष्टही सुचवली : तीन मुलांचे अहवाल नावं झाकून तिन्ही आयांसमोर ठेवू, कोणता आपल्या मुलाचा ते त्यांनी ओळखावं. ते हसले. म्हणाले, "मॅडम, ही अशी परीक्षा घ्यायची गोष्ट नाही. हे एक दिशादर्शन आहे." इथे परत बालेकिल्ला. परीक्षेची वेळ आली की दावा इतका लहान होतो की परीक्षा घ्यायला काही उरतच नाही. फी घेताना मात्र तो छत्तीस पानांचा असतो.

अशी चाल ओळखायची कशी, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. मला एकच कसोटी खात्रीची वाटते. समोरच्याने मवाळ केलेलं वाक्य घ्या, ते पूर्ण खरं धरा आणि मग विचारा : एवढंच खरं असेल, तर ज्या कामासाठी आपण इथे आलो ते काम होतं का? 'प्रत्येक मूल वेगळं असतं.' मान्य. पण एवढ्यावरून साडेचार हजार द्यावे का? एवढ्यावरून सायन्स सोडावं का? प्रत्येक मूल वेगळं असतं हे माझ्या अम्मींना माहीत होतं, त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि सहा मुलं वाढवली होती. फी आणि निर्णय दोन्ही माचीवर उभे आहेत. बालेकिल्ला कितीही भक्कम असला तरी त्यांना त्याचा आधार मिळत नाही.

दुसरं, थोडं थांबून बघायचं. खरा माणूसही वादात माघार घेतो. आपण जास्त बोललो हे लक्षात आलं की तो म्हणतो, "हो, ते मी वाढवून सांगितलं." असं म्हणणाऱ्याला पकडल्याच्या आविर्भावात टोचू नये. तो वर गेला आणि वरच राहिला, तर ती चाल नव्हे, ती दुरुस्ती आहे. चाल कळते ती तो परत खाली उतरतो तेव्हा. आणि उतरतो तो बहुतेक वेळा आपल्यासमोर नाही, दारात, दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे, पुढच्या शिबिराच्या पत्रकात. म्हणूनच ही चाल पकडणं अवघड जातं. दोन वाक्यं एकाच खोलीत एकत्र ऐकायला मिळत नाहीत. आम्ही नशिबाने दारात उभे होतो.

म्हणून लिहून घेणं बरं. "सर, तुमचा दावा एका वाक्यात या कागदावर लिहून द्याल का?" एवढं नम्रपणे विचारलं तरी पुरतं. धाडसी वाक्य लिहून मिळालं तर ते तपासता येतं. मवाळ वाक्य लिहून मिळालं तर तोच कागद घरच्यांना दाखवता येतो.

इथे एक उलटी चूकही होते आणि ती मी आमच्या स्टाफरूममध्ये पाहिली आहे. समोरच्याने माचीवर पाऊलही ठेवलेलं नसतं, त्याच्या पक्षातला दुसराच कोणीतरी तसं बोललेला असतो, आणि आपण त्याला म्हणतो, "आता मागे फिरू नका!" एका गटात दहा माणसं दहा तऱ्हेने बोलतात. माची एकाची आणि बालेकिल्ला दुसऱ्याचा असेल तर ती चाल ठरत नाही. एकाच माणसाने, एकाच नावाखाली दोन्ही सांगितलं आहे का, हे आधी बघावं लागतं.

आपल्या वाचकांना ही चाल आणखी एका ठिकाणी नेहमी भेटते. भाषणात एखादा वक्ता 'हे लोक' म्हणून अख्ख्या समाजावर आरोप करतो, टाळ्या घेतो. कोणी जाब विचारला की म्हणतो, मी फक्त गुन्हेगारांबद्दल बोललो, गुन्हेगाराचं समर्थन करता का? पुढच्या सभेत पुन्हा 'हे लोक'. आपल्याला ते लगेच कळतं, कारण घाव आपल्यावर असतो. पण आपल्या घरात 'सगळा मीडिया विकला गेलाय' असं म्हणणारे काका, एका वार्ताहराने चांगली बातमी दिल्याचं दाखवलं की 'म्हणजे काही चॅनेल रे' म्हणतात आणि रात्री जेवताना परत सगळा मीडिया विकतात. तेलाच्या बाटल्या विकणारा 'साखर मुळापासून जाईल' म्हणतो आणि डॉक्टर पाहुणा आला की 'गोळ्या सोडा असं मी कधी म्हटलं? कलौंजी खाण्यात असलेली बरी एवढंच' म्हणतो. इथे मात्र कोणाच्या तरी इन्सुलिनचा प्रश्न असतो, म्हणून नुसतं हसून सोडता येत नाही.

आणि मी स्वतः? सांगायला लाज वाटते, पण सांगते. बीएडला आम्हाला शिकवलं होतं की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. मी ते पाठ केलं आणि पुढे वर्गात वापरलं. एका मुलाच्या आईला मी सांगितलं होतं, "तो करून शिकणारा आहे, त्याला वाचायला जास्त लावू नका." सातवीतला मुलगा होता. एका नव्या सहशिक्षकाने विचारलं, याला पुरावा काय? मी म्हटलं, "अहो, मुलं वेगवेगळी असतात, हे तर मानाल?" त्याने मानलं. मी जिंकले. आणि दुसऱ्या दिवशी तेच सांगायला मोकळी झाले.

खूप नंतर वाचनात आलं की 2008 साली हॅरॉल्ड पॅशलर आणि आणखी तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन चाळून काढलं. त्यांनी कसोटी सरळ ठेवली होती. आधी मुलांचे 'बघणारे' आणि 'ऐकणारे' असे गट करा. मग प्रत्येक गटातल्या निम्म्या मुलांना चिठ्ठी टाकून चित्रांनी शिकवा, निम्म्यांना बोलून. शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्या. दावा खरा असेल तर बघणाऱ्यांना चित्रांनी जास्त गुण मिळायला हवेत आणि ऐकणाऱ्यांना बोलण्याने. सर्वांनाच चित्रं बरी पडली तर त्यातून एवढंच कळतं की चित्रं चांगली होती. अशा रीतीने केलेले अभ्यास त्यांना फारच थोडे सापडले, आणि त्यातलेही काही दाव्याच्या उलट जाणारे. म्हणजे 'मुलं वेगवेगळी असतात' हा माझा बालेकिल्ला शाबूत होता, पण 'याला वाचायला लावू नका' ही माची पार मोकळी होती. तो मुलगा आता मोठा झाला आहे. त्याला वाचनाचा कंटाळा आहे. त्यात माझा वाटा किती, ते मला मोजता येत नाही.

मी खोटं बोलत नव्हते, हे मात्र खरं आहे. कदाचित ते समुपदेशकही बोलत नसतील. मनात दोन्ही वाक्यं एकाच शब्दाला चिकटलेली असतात, त्यामुळे वरून खाली उतरलेलं स्वतःलाच कळत नाही. म्हणून समोरच्याला 'फसवता' म्हणण्याआधी 'तुमची ही दोन वाक्यं वेगवेगळी आहेत' एवढंच म्हणावं. तेवढ्याने काम होतं, आणि दार बंद होत नाही.

त्या रात्री बहिणीच्या घरी फाईल पुन्हा उघडली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत : आपल्या पाल्याची जन्मजात बुद्धिमत्ता ओळखा, योग्य शाखा निवडा. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत एक परिच्छेद होता, तो कोणी वाचलाच नव्हता. मुलीनेच मोठ्याने वाचून मराठीत सांगितला : हा अहवाल निदान किंवा भाकीत नाही, केवळ माहितीसाठी आहे, यावरून घेतलेल्या निर्णयाला संस्था जबाबदार नाही. माची पहिल्या पानावर, बालेकिल्ला शेवटच्या, आणि मधे चौतीस पानांचं अंतर.

तिच्या अब्बूंनी चष्मा काढला. "म्हणजे साडेचार हजार पहिल्या पानाचे घेतले," ते म्हणाले, "आणि हमी शेवटच्या पानाची."

मग त्यांनी मुलीला पहिल्यांदा सरळ विचारलं, "तुला काय घ्यायचंय?" या सगळ्या चार दिवसांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही. ती म्हणाली सायन्स, पण बायोलॉजी नको, गणित हवं. फॉर्म दुसऱ्या दिवशी दुपारी भरला. सध्या अकरावीचं भौतिकशास्त्र तिला जड जातंय, विशेषतः सदिशांचा धडा. रविवारी सकाळी येते ती माझ्याकडे, वही घेऊन.